सिस्टीममध्ये आहे, फळीवर नाही

ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी साडेसातला घडेल असा हा प्रसंग. साबणांच्या रॅकपुढे एक काकू उभ्या आहेत. त्यांना नेहमीचा चंदनाचा साबण हवा आहे आणि तो दिसत नाही. दुकानाचा टी-शर्ट घातलेला मुलगा जवळून चालला आहे, त्याला त्या थांबवतात. तो कमरेचं यंत्र काढतो, फळीच्या कडेला लावलेल्या किमतीच्या पट्टीवर लाल किरण मारतो आणि पडद्याकडे बघून म्हणतो, "काकू, सिस्टीममध्ये तर सात दाखवतंय."

दोघंही पुन्हा फळीकडे बघतात. पट्टीवर ठळक अक्षरांत 'चंदन' लिहिलंय आणि तिच्या वर कडुनिंबाच्या साबणांची हिरवी रांग उभी आहे. मुलगा "आत बघून येतो" म्हणत गोडाऊनकडे जातो आणि पाच मिनिटांनी हात हलवत परत येतो. तोवर काकूंनी कडुनिंबाचा एक साबण टोपलीत टाकून बिलिंगची रांग धरलेली असते. दिवस संपतो, शटर खाली येतं, रात्री दुकानाचा संगणक दुसऱ्या दिवशीची ऑर्डर तयार करतो. चंदनाच्या साबणापाशी तो क्षणभर थांबतो, सात आहेत असं बघतो आणि पुढं जातो.

या सात साबणांना व्यापारातली मंडळी 'फँटम इन्व्हेंटरी' म्हणतात, म्हणजे भुताचा साठा. दुकानातल्या रोजच्या बोलण्यात 'सिस्टीम स्टॉक' आणि 'फिजिकल स्टॉक' असे दोन शब्द चालतात. पहिला संगणकाच्या वहीतला आणि दुसरा हाताला लागणारा. दोन्ही आकडे जुळत नाहीत हे दुकानात सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात बातमी काही नाही. पण न जुळण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यातला एकच फार महागात पडतो.

फळीवर माल जास्त आणि वहीत कमी असेल, तर चूक फार काळ लपून राहत नाही. वहीतला आकडा विकता विकता शून्यावर येतो, कधी उणेसुद्धा होतो, नवा माल येऊन पडतो, रॅकवर जागा उरत नाही आणि कुणीतरी ओरडतं. उलट वहीत जास्त आणि फळीवर काहीच नसेल, तर ओरडणारं कुणी नसतं. माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून वहीतला आकडा हलत नाही, आणि आकडा हलत नाही म्हणून ऑर्डर जात नाही. साधं बंद पडलेलं घड्याळ निदान बंद पडल्यासारखं दिसतं. इथं तेही नाही, कारण 'सात शिल्लक' ही नोंद अगदी निरोगी दिसते.

हे सात साबण वहीत आले कुठून, हे बघायला बिलिंगच्या काउंटरवर जावं लागतं. बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये. ती वस्तू होती च्युइंगगमचं पाकीट. त्या यंत्राचं तेव्हाचं मोठं काम म्हणजे किंमत पटकन आणि बिनचूक लावणं. साठ्याची वही त्याच्यावर चालवणं हा पुढचा टप्पा. हिशेब असा, की आलेला माल जमा, प्रत्येक 'बीप'ला एक वजा, आणि उरेल ती शिल्लक. यात फळीकडे बघणारं कुणीच नाही. वही फळी मोजत नाही, फक्त बीप मोजते.

आणि बीप चुकतात. समजा, एका गिऱ्हाइकाने दोन चंदनाचे आणि दोन कडुनिंबाचे साबण घेतले. चौघांची एम.आर.पी. एकच आहे, चाळीस रुपये. रांग मोठी आहे, काउंटरवरची मुलगी हाताला लागेल तो साबण पुढं करते आणि संख्या चार टाकते. बिल एकशे साठ रुपयांचं, अगदी बरोबर. गिऱ्हाईक खूश, गल्ल्याचा हिशेब पैशापर्यंत जुळतो, कुणाचंच नुकसान नाही. पण हाताला लागलेला साबण कडुनिंबाचा असेल, तर वहीत कडुनिंबाचे चार वजा झाले आणि चंदनाचा एकही नाही. चंदनाच्या खात्यात दोन भुतं जन्माला आली, आणि कडुनिंबाच्या खात्यात खरे असलेले दोन साबण कमी दिसू लागले. आता संगणक कडुनिंब गरजेपेक्षा जास्त मागवेल. ठाण्याच्या त्या फळीवर हिरवी रांग एवढी लांबलचक का होती, याचं एक कारण हेही असू शकतं.

बाकीची कारणं ओळखीची आहेत. खिशात घालून नेलेला साबण, गोडाऊनमध्ये उंदराने कुरतडलेला आणि नोंद न करता फेकलेला साबण, कंपनीच्या चलनावर चोवीस लिहिलेले पण खोक्यात बावीसच निघालेले साबण, दुकानातल्याच बेसिनवर हात धुवायला घेतलेला साबण. परत आलेला माल चुकीच्या नावाने जमा होतो. दोन साबण एकत्र बांधून 'एकावर एक' म्हणून विकायला काढले की त्या जोडीचा बारकोड वेगळा असतो, आणि सुटे साबण वहीतून वजा करायचं राहून जातं.

भारतात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे एम.आर.पी. वेष्टनावर किंमत छापलेली असते आणि किंमत बदलली तरी बारकोड बहुतेकदा तोच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासकट पंचेचाळीसला मिळणारा साबण चाळीसच्या आसपास यायला हवा. म्हणजे काही आठवडे दुकानात एकाच बारकोडचे दोन किमतींचे साबण. अशा वेळी बिलिंगच्या पडद्यावर छोटी चौकट उघडते आणि विचारते, यातली कुठली एम.आर.पी.? घाईत एंटर दाबलं की यादीतली पहिली निवडली जाते. किंमत हातानं नीट केली तरी वजावट चुकीच्या खात्यातून होऊ शकते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही किमतींचा साठा एकत्र धरून ऑर्डर निघते, तिथं याने फारसं बिघडत नाही. जिथं दोन खाती वेगळी चालतात, तिथं जुन्या किमतीच्या खात्यात कधीच न संपणारे साबण साचून राहतात.

हे सगळं ऐकून दुकानाचा मालक म्हणेल, बरं मग, सात साबण म्हणजे दोनशे ऐंशी रुपये, त्यासाठी एवढा गाजावाजा कशाला? खरी गोम इथंच आहे, म्हणून हा हिशेब एकदा सावकाश करायला हवा.

धरून चालू, की हा साबण दिवसाला सरासरी तीन विकला जातो. माल मागवल्यावर यायला दोन दिवस लागतात. म्हणून संगणकाला सांगून ठेवलंय, की शिल्लक सहावर आली की ऑर्डर टाक. दोन दिवसांत सहा विकले जातील आणि संपता संपता नवा माल येईल. आता दर पन्नास विक्रीमागे एक साबण नोंद न होता नाहीसा होतो असं समजू. शेकडा दोन. कुठल्याही व्यवस्थापकाला यात झोप उडण्यासारखं काही वाटणार नाही.

पहिली दीडशे विक्री होते तेव्हा तीन भुतं जमलेली असतात. वही सहावर आली, ऑर्डर गेली, पण फळीवर तीनच आहेत. ते एका दिवसात संपतात आणि दुसरा दिवस फळी रिकामी. माल येतो, सगळं पुन्हा सुरळीत दिसतं. हा दिवसभराचा खड्डा कुणाच्या लक्षातही येत नाही. तीनशे विक्रीच्या सुमारास सहा भुतं होतात. आता वही सहा दाखवते त्या क्षणी फळीवर शून्य. ऑर्डर जाते, पण माल येईपर्यंतचे दोन्ही दिवस फळी कोरडी.

आणि मग सातवा साबण हरवतो. फळी शून्यावर येते तेव्हा वही सातवर थांबते. ऑर्डर टाकायची ती सहावर. सातवरून सहावर यायला एक साबण विकला जायला हवा, आणि विकायला साबणच नाही. ऑर्डर आता कधीच जाणार नाही.

तीनशे पन्नास विक्रीला, दिवसाला तीनच्या हिशेबाने, ढोबळमानाने चार महिने लागतात. दुकानाची मोजदाद वर्षाअखेरीस होत असेल आणि मध्ये कुणाच्याच लक्षात आलं नाही, तर उरलेले जवळपास आठ महिने फळी रिकामी राहील. दिवसाला तीन म्हणजे सातशेच्या वर साबण न विकलेले. हरवलेल्या मालाची किंमत दोनशे ऐंशी रुपये, बुडालेली विक्री तीस हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात एवढे महिने कुणालाच दिसलं नाही असं सहसा होत नाही, पण प्रमाण लक्षात येण्यापुरतं हे गणित पुरेसं आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत युन कांग आणि स्टॅन्ली गर्शविन यांनी हेच गणित संगणकावर चालवून पाहिलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की वहीला न कळता होणारी अगदी किरकोळ तूटसुद्धा माल मागवण्याची साखळी तोडते, आणि रिकाम्या फळीमुळे बुडणारी विक्री त्या तुटीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते. चोरी थांबवण्यावर दुकानं जेवढा खर्च करतात तेवढा चोरीची नोंद नीट ठेवण्यावर करत नाहीत, याकडे म्हणूनच जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं.

प्रत्यक्ष दुकानांत वही किती चुकते, याची मोजणीही झाली आहे. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी एका मोठ्या अमेरिकी साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याला छापखान्याची चूक वाटावी असा आहे. पण चूक म्हणजे एकाचा फरकसुद्धा धरला होता, आणि फरक दोन्ही बाजूंचे होते, म्हणजे सगळीच भुतं नव्हती. त्याहून उपयोगी निष्कर्ष दुसरा. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. जो माल जास्त विकला जातो आणि जो स्वस्त असतो, तिथं चुका अधिक होत्या. स्वस्त आणि रोज खपणारा, म्हणजे नेमका साबण.

मग शोधायचं कसं? सगळं दुकान रोज मोजणं हा एक मार्ग आहे आणि तो परवडत नाही. वीस हजार प्रकारच्या वस्तू असलेलं दुकान मोजायला रात्रभर माणसं लावावी लागतात, आणि मध्यरात्री दोन वाजता डोळे चोळत मोजणारा माणूस नव्या चुका तयार करतो. तेव्हा शोधणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं, की कुठल्या फळीपुढे जाऊन उभं राहायचं.

इथं कामी येतो तोच पुरावा, जो संगणक दुर्लक्षित करतो. न झालेली विक्री. दिवसाला सरासरी तीन खपणारा साबण एखाद्या दिवशी एकही खपला नाही, तर त्यात नवल नाही. गिऱ्हाइकं काही ठरवून येत नाहीत, कधी पाच येतात, कधी एकही नाही. संभवाच्या गणिताप्रमाणे माल फळीवर असतानाही असा कोरडा दिवस वीसात एकदा येणारच. पण लागोपाठ दोन कोरडे दिवस? ते चारशेत एकदा. लागोपाठ तीन? आठ हजारांत एकदा. म्हणजे तिसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद होतं तेव्हा 'आज नशीब नव्हतं' हे स्पष्टीकरण जवळपास संपलेलं असतं. वहीत सात आहेत, विक्री तीन दिवस शून्य आहे, तर फळीवर बहुधा काहीच नाही.

हाच हिशेब प्रत्येक वस्तूला आपापल्या वेगाने लागू होतो. ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली आठवड्याला एक जात असेल, तर तीन दिवसांची शांतता काहीच सांगत नाही. आठवडाभर एकही न जाण्याची शक्यताही तिथं तीनात एकाहून जास्त आहे. तिच्याबाबत संशय घ्यायला किमान तीन आठवडे थांबावं लागतं. ढोबळ सूत्र असं, की दोन विक्रींमध्ये सरासरी जेवढं अंतर असतं, त्याच्या तिप्पट काळ शांतता असेल तर संशय घ्यावा, सहापट झाली तर माणूस पाठवावा. तीन दिवस शून्य विक्री झालेल्या सगळ्याच वस्तूंची यादी काढणाऱ्या दुकानांची पंचाईत होते ती यामुळेच. यादीत शेकडो सावकाश खपणाऱ्या वस्तू भरतात आणि त्यात साबण हरवून जातो.

तिप्पट आणि सहापट यांतला फरकही वरवरचा नाही. तिप्पट शांततेवर घंटा वाजवायची ठरवली, तर माल फळीवर नीट असूनही वीसातली एक वस्तू उगाच संशयात येते. वीस हजार वस्तूंत अशा खोट्या घंटा हजारपर्यंत जातात. एकेका फळीला एक मिनिट धरलं तरी सोळा-सतरा तासांची पायपीट. सहापटीवर थांबलं तर त्या पन्नासच्या आसपास येतात आणि तासाभरात काम होतं. अर्थात तेवढा काळ थांबावं लागतं, आणि त्या दिवसांची विक्री बुडते. म्हणून जाणती दुकानं सगळ्यांना एकच पट्टी लावत नाहीत. जिथं रोजचं नुकसान मोठं तिथं लवकर जातात, ऑलिव्ह तेलाला वेळ देतात.

हे गणित एका जागी दगा देतं, आणि ती जागा आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. गिऱ्हाइकं आपापल्या सवडीनं येतात असं त्यात गृहीत धरलंय. पण पगार झाला की पहिल्या आठवड्यात महिन्याचं सामान भरायचं ही कितीतरी मराठी घरांची पद्धत आहे. साबण, तेल, साबुदाणा, डाळी यांची विक्री महिन्याच्या सुरुवातीला उसळते आणि पंचवीस तारखेला मंदावते. महिन्याची सरासरी धरून पंचवीस तारखेला संशय घेतला तर खोट्या घंटांचा पाऊस पडतो. आषाढी एकादशीच्या आदल्या आठवड्यातली साबुदाण्याची सरासरी नंतरच्या आठवड्याला लावली तर आणखीच गोंधळ. यावर एक सोपा उतारा आहे, बाजूच्या दुकानाकडे बघणं. साखळीच्या डोंबिवली, मुलुंड, कल्याणच्या दुकानांत या तीन दिवसांत चंदनाचा साबण नेहमीसारखा खपला आणि ठाण्यातच शून्य, तर महिनाअखेर हे कारण उरत नाही. ती सगळीकडे सारखीच असते.

आणखी एक खूण वहीतच पडलेली असते. कडुनिंबाचा आकडा. चंदनाच्या खात्यात भूत जन्मलं तेव्हा कडुनिंबाच्या खात्यात त्याचं जुळं भावंड उलट्या चिन्हाने जन्मलं होतं. उणे शिल्लक म्हणजे जे नव्हतंच ते विकलं, आणि ते अशक्य आहे. तेवढ्यापुरती वही स्वतःच चूक कबूल करते. बरीच दुकानं रात्री उणे आकडे सरसकट शून्य करून मोकळी होतात. ते नीट केलं हे बरंच, पण त्याआधी त्याच किमतीच्या, त्याच कंपनीच्या शेजारच्या वस्तूकडे बघायला हवं. कडुनिंब उणे चार असेल तर ते चार कुणाच्या खात्यात जास्त आहेत, हा प्रश्न विचारायचा. उत्तर बहुतेकदा हाताच्या अंतरावरच्या फळीवर असतं.

आकड्यांची बाजू झाली, आता पायांची. सकाळी दुकान उघडण्याआधी एक माणूस यंत्र घेऊन रॅकच्या रांगांमधून चालतो आणि जिथं मोकळी जागा दिसेल तिथली पट्टी स्कॅन करतो. पडद्यावर शून्य आलं आणि ऑर्डर वाटेत आहे असं दिसलं तर पुढं जायचं. शून्याहून जास्त आलं तर थांबायचं. मग वरच्या फळीवरची खोकी, मागचं गोडाऊन, रांगेच्या टोकाला ऑफरसाठी मांडलेला ढीग आणि बिलिंगजवळची 'नको' म्हणून सोडलेल्या मालाची ट्रॉली, एवढ्या जागा बघायच्या. सापडला तर तो भुताचा साठा नव्हे, फक्त वाट चुकलेला माल. नाही सापडला, तर वही शून्य करायची.

एवढी सोपी फेरी ठाण्याच्या त्या दुकानात फसली असती, कारण तिथं मोकळी जागाच नव्हती. रिकामी फळी वाईट दिसते, साहेब राउंडला येतात तेव्हा विचारतात, म्हणून मुलं शेजारचा माल सरकवून खड्डा बुजवतात. दिसायला रॅक भरगच्च. पुरावा मात्र पुसला गेला, आणि उरली ती फक्त कडेची पट्टी, जिच्यावर चंदन लिहिलंय आणि जिच्यावर कडुनिंब उभा आहे. म्हणून या फेरीला पाठवलेल्या माणसाला खड्डे बघू नकोस, पट्टी आणि तिच्यावरचा माल जुळतो का ते बघ, असं सांगावं लागतं. रॅकमधून फिरून फोटो काढणारे यंत्रमानवही याच कामासाठी आले. वॉलमार्टने अमेरिकेत अशी यंत्रं शेकडो दुकानांत फिरवली आणि २०२० साली त्या कंपनीशी करार संपवला.

वही दुरुस्त करणं हे शोधण्याहून नाजूक काम आहे. सात साबण शून्य केले, की ते दोनशे ऐंशी रुपये दुकानाच्या तुटीत जमा होतात आणि तूट वाढली तर व्यवस्थापकाला वरून फोन येतो. रिकाम्या फळीमुळे बुडालेल्या तीस हजारांसाठी मात्र कुणाचा फोन येत नाही, कारण तो आकडा कुठल्याच कागदावर छापला जात नाही. मग भुतं मोजदादीच्या रात्रीपर्यंत जपून ठेवण्याकडे कल होतो. उलट टोकही आहे. न शोधताच भराभर शून्य मारणारा मुलगा. त्याच्या कृपेने गोडाऊनमध्ये खोकं पडलेलं असताना नवी ऑर्डर येते आणि वही दुसऱ्या बाजूने चुकते. दुरुस्तीचा अधिकार कुणाला, आणि कुठे कुठे शोधल्यावर, हे लिहून ठेवलेलं नसेल तर दोन्ही प्रकार एकाच दुकानात सुखाने नांदतात.

तयार कपड्यांच्या दुकानांनी यातून वेगळी वाट काढली. प्रत्येक शर्टाच्या लेबलात रेडिओ लहरींना उत्तर देणारी चकती बसवायची. मग हातातलं यंत्र रांगेवरून फिरवलं की शेकडो कपडे काही मिनिटांत मोजले जातात, आणि आठवड्यातून अनेकदा मोजणं परवडतं. झाराची मूळ कंपनी इंडिटेक्स आणि खेळाच्या सामानाची डेकॅथलॉन या वाटेने गेल्या. किराण्यात हे जमणं अवघड. चाळीस रुपयांच्या साबणाला दोन-चार रुपयांची चकती नफा खाऊन टाकते, आणि पाणी किंवा धातू जवळ आला की लहरी नीट वाचता येत नाहीत. तेलाचे डबे आणि सरबताच्या बाटल्यांच्या रांगेत त्या यंत्राला फारसं काही ऐकू येत नाही.

दहा मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्या कंपन्यांच्या गोदामांत मात्र भूत फार काळ टिकत नाही, हे मोठं गमतीचं आहे. तिथं गिऱ्हाईक फळीपुढे उभं नसतं, ते ॲपवर 'उपलब्ध' वाचून पैसे भरतं. सामान उचलणारा मुलगा नेमून दिलेल्या खणापाशी जातो, साबण नसतो, तो यंत्रावर 'सापडला नाही' दाबतो आणि वही त्याच मिनिटाला उघडी पडते. प्रत्येक ऑर्डर म्हणजे एका खणाची छोटी मोजदाद. सुपरमार्केटमधल्या काकूंनी नेमकं हेच केलं होतं. त्या खणापाशी आल्या, माल नाही हे त्यांनी पाहिलं, दुकानातल्या माणसाला सांगितलं. त्या मुलाच्या यंत्रात ते नोंदवायला बटण नव्हतं, किंवा असलं तरी ते दाबायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

समजा ते कुणी सांगितलं. वही सातवरून शून्यावर आली, रात्री ऑर्डर गेली, दोन दिवसांनी खोकं आलं. तरी गोष्ट संपत नाही. संगणक ऑर्डर ठरवतो ती गेल्या काही आठवड्यांची विक्री बघून. समजा, दोन महिने फळी कोरडी होती. त्याच्या लेखी ठाण्यात गेल्या दोन महिन्यांत चंदनाचा साबण कुणालाच नको होता. म्हणून तो चोवीसऐवजी चार मागवतो, आणि सहावर ऑर्डर टाकायची सूचना आपणच खाली आणून एकवर ठेवतो. चार साबण दीड दिवसात संपतात. फळी पुन्हा रिकामी, आणि या वेळी वहीतला शून्य खरा.

हे टाळायला दुरुस्ती करणाऱ्याने आणखी एक काम करावं लागतं. शेवटचा साबण कधी विकला गेला ती तारीख बिलांमधून काढायची आणि तिथपासून आजपर्यंतचे दिवस 'माल नव्हता' म्हणून खुणेने वेगळे करायचे, म्हणजे अंदाज बांधताना संगणक ते शून्य मोजणार नाही. बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. मग खोक्यातून चोवीस साबण निघतात, मुलगा कडुनिंबाची रांग डावीकडे सरकवतो आणि पट्टी बघून चंदन तिच्यावर लावतो. कडुनिंबाचे उरलेले सोळा कुठं ठेवायचे, हे विचारायला तो साहेबांकडे जातो.